नऊ वर्षांच्या मुलीला ‘श्यामची आई’ द्यावं का?

प्रश्न : “लेकीला नुकतीच नऊ वर्षं पूर्ण झाली. माझ्या आईने तिला वाढदिवसाला ‘श्यामची आई’ दिलं. मी लहानपणी ते वाचून खूप रडले होते, एवढंच आठवतं. मुलीला मराठी वाचता येतं, पण शाळा इंग्रजी माध्यमाची. हे पुस्तक तिच्या वयाचं आहे का? भाषा झेपेल का? त्यातली मूल्यं आज पटतील का? आणि चित्रांची आवृत्ती घ्यावी का?”

पुस्तक द्या, पण तिच्या हातात देऊन तुम्ही उठून जाऊ नका आणि पहिल्या पानापासूनही सुरू करू नका. या वयात त्यातल्या पाच-सहा गोष्टी तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. एकटीने सलग वाचायला अकरा-बारा वर्षं होऊ द्या. शेवटच्या दहाएक रात्रींसाठी त्याहून थोडं थांबलात तरी काही बिघडत नाही.

मी गेली अठरा वर्षं वसाहतीतलं बालवाचनालय चालवते आणि पालकांसाठी पुस्तकांची परीक्षणं लिहिते. ‘हे कितव्या वर्षी द्यावं?’ असं सगळ्यात जास्त वेळा याच पुस्तकाबद्दल विचारलं जातं. नवं पुस्तक पालक चाळून बघतात. हे मात्र घरातलंच माणूस असल्यासारखं न बघता पुढे केलं जातं. म्हणून त्याचं परीक्षण जरा सविस्तर करते.

साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिलं आणि ते १९३५ साली छापून आलं. त्याची रचना लक्षात घेतली की वयाचा निम्मा प्रश्न सुटतो. मोठा झालेला श्याम रात्री आश्रमातल्या सोबत्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. सांगणारा प्रौढ आहे आणि ऐकणारेही बहुतेक जाणते आहेत. बालपण हा विषय असला तरी आवाज मोठ्या माणसाचा आहे, मागे वळून बघताना ज्याचा गळा दाटून येतो अशा माणसाचा. लहान मुलाला तो आवाज कागदावरून ऐकू येत नाही, सांगणाऱ्याच्या तोंडून येतो. त्यामुळे ‘कितव्या वर्षी’ या प्रश्नाआधी ‘वाचणार कोण’ हे ठरवावं लागतं. तुम्ही वाचणार असाल तर आठव्या-नवव्या वर्षी निवडक गोष्टी छान चालतात.

निवडक म्हणते त्याला कारण आहे. पहिली रात्र सावित्री-व्रताची. आई आजारी असल्यामुळे वडाच्या प्रदक्षिणा श्यामला घालाव्या लागतात आणि त्याला त्याची लाज वाटते. गोष्ट चांगली आहे, पण आरंभालाच वटपौर्णिमा, नवऱ्यासाठीचं व्रत आणि ते दुसऱ्याने पुरं करणं, हे सगळं समजावत बसावं लागतं. चौथ्या रात्री ‘पुण्यात्मा यशवंत’ येतं, त्यात धाकट्या भावाचा मृत्यू आहे. क्रमाने वाचणारे पालक पहिल्याच आठवड्यात तिथे येऊन पोचतात, मूल घाबरतं आणि पुस्तक कपाटात जातं. ‘आमच्या मुलाला नाही आवडलं’ म्हणणाऱ्या पालकांना मी विचारते, कुठपर्यंत आला होतात? फार वेळा उत्तर याच गोष्टीच्या आसपासचं असतं.

तुम्ही तिसऱ्या रात्रीपासून, ‘मुकी फुले’पासून सुरुवात करा. दुसऱ्या मुलांना मिळू नयेत म्हणून श्याम न उमललेल्या कळ्याच तोडून आणतो आणि आई त्याला कळी झाडावर उमलू देण्याबद्दल सांगते. नऊ वर्षांच्या मुलाला ही हाव लगेच ओळखू येते. मग ‘पत्रावळ’, मग ‘अळणी भाजी’, मग ‘श्यामचे पोहणे’. दिवाळीच्या दिवसांत ‘आनंदाची दिवाळी’ वाचा, भावाने दिलेल्या ओवाळणीतून आई स्वतःला काही न घेता वडिलांसाठी धोतर आणते ती गोष्ट. एक रात्र सावकाश वाचायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. प्रत्येक रात्रीच्या सुरुवातीला आश्रमातलं वर्णन आणि सोबत्यांचं बोलणं असतं. या वयाला ते गाळलं तरी चालतं, थेट श्यामच्या सांगण्यावर या.

पुस्तक जसजसं पुढे जातं तसतसा श्यामही मोठा होतो. बत्तिसाव्या रात्रीपासून कर्ज, तगादे, जप्ती, गावभर होणारी बेअब्रू आणि आईचा शेवटचा आजार आहे. वसुलीला आलेल्या माणसाच्या तोंडी आईचा घोर अपमान करणारी भाषा आहे. आई जाते तेव्हा श्याम जवळ नसतो आणि तो पोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तोवर तो पोरवयातून बाहेर आलेला आहे. गुरुजींची आई १९१७ साली गेली तेव्हा ते स्वतः सतरा वर्षांचे होते. हा भाग श्यामच्या वयाच्या जवळ आलेल्या वाचकाचा आहे. तुम्ही रडलात ते बहुधा याच पानांवर. नऊ वर्षांची मुलगीही रडेल, पण ‘माझी आई अशी मेली तर?’ या भीतीने. बारा-तेराव्या वर्षी मूल श्यामसाठी रडतं. दोन्ही रडण्यांत फरक आहे, आणि त्या दुसऱ्या रडण्यासाठी थांबावं असं मला मनापासून वाटतं.

भाषा झेपेल की नाही, हे घरीच बघता येतं. ‘पत्रावळ’मधलं एक पान मुलीला मोठ्याने वाचायला लावा. ती कुठे अडखळते याकडे सगळे लक्ष देतात. तुम्ही मात्र ती कुठे न अडखळता चुकीचं समजते आहे ते शोधा. गुरुजींची वाक्यं लहान आणि सरळ आहेत, मूल धडाधड वाचतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, समजलं. माझ्याकडे चौथीतल्या एका मुलीने ‘पत्रावळ लावणे’ हे न थांबता वाचलं. काय केलं त्यांनी, असं विचारल्यावर म्हणाली, “जेवायला ताटं मांडली.” तिच्या घरी पानं ‘लावतात’ म्हणजे मांडतात, त्यामुळे तिच्या बाजूने ते बरोबरच होतं. पण पळसाची किंवा वडाची पानं चोयीने टाचून पत्रावळ तयार करणं, ज्याला ‘लावणं’ म्हणत, ते निसटलं आणि तिच्यासाठी गोष्टच संपली. श्यामला पत्रावळ लावायला यायची नाही, शिकायचा कंटाळा होता आणि त्यावरून घरात बोलणी बसली, हा सगळा पेच त्या एका क्रियापदावर उभा आहे.

त्यानंतर आम्ही वाचनालयात सुकी पळसाची पानं आणि झाडूचे हीर घेऊन बसलो. चोय म्हणजे बांबूची किंवा गवताची बारीक काडी, ती शहरात सहज मिळत नाही, हिरावर काम भागतं. पहिलं पान मधे धरायचं, दुसरं त्यावर थोडं चढवायचं, काडी खुपसून वर काढायची आणि जास्तीचं टोक मोडायचं. टाका फार ओढला की पान चिरतं, सैल राहिला की फट पडते आणि त्यातून आमटी गळते. दोन पत्रावळी फाटल्यावर त्याच मुलीने पुस्तक उघडलं आणि श्याम का कंटाळला असेल ते स्वतःहून सांगितलं.

या पुस्तकातले अवघड शब्द असे वस्तूंचे आणि रीतींचे आहेत. सोवळं-ओवळं, ओटी, माजघर, उपरणं, खोत, सावकार, जप्ती. माझा ठोकताळा असा, की एका पानात असे तीन-चार शब्द असतील आणि तुम्ही शेजारी बसला असाल तर चालतं, मूल एकटं असेल तर एका पानाला दोनच पुरे. इंग्रजी माध्यमाच्या मुलीला श्लोक, ओव्या आणि संस्कृत वळणाच्या ओळी जड जातील. त्या तुम्ही चालीवर म्हणा, अर्थ विचारला तरच सांगा. शब्द वाचता वाचता थांबून समजावू नका, गोष्टीचा धागा तुटतो. आधी दोन शब्द सांगून ठेवा आणि मग सुरू करा.

आजीने दिलेली प्रत जुनी असेल तर आणखी एक गोष्ट बघा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘घरांत’ असं दिसेल. तुम्हाला त्याची अडचण होणार नाही, पण नुकतं मराठी वाचायला लागलेलं मूल त्या टिंबांचा उच्चार करायला जातं. अशी प्रत तुमच्या वाचण्यासाठी ठेवा आणि तिच्यासाठी नवीन घ्या.

नवीन घेताना चित्रांचा प्रश्न येतो, आणि तो आवृत्तीशी बांधलेला आहे. गुरुजी १९५० साली गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०११ पासून हे पुस्तक कुणीही छापू शकतं. त्यामुळे बाजारात संपूर्ण, संक्षिप्त, सचित्र, मोठ्या अक्षरांच्या अशा बऱ्याच प्रती आहेत आणि मुखपृष्ठावर नाव सगळ्यांचं एकच. आधी अनुक्रमणिका उघडून रात्री मोजा. बेचाळीस नसतील तर पुस्तक संक्षिप्त आहे, आत तसं छापलेलं असो वा नसो. संक्षिप्त प्रत वाईटच असते असं नाही, पण काय गाळलं ते तुम्हाला माहीत हवं.

चित्रं बघताना मी मजकुराची तीन-चार पानं आधी वाचते आणि मग चित्राकडे येते. एका सचित्र आवृत्तीत श्यामची आई गोल साडीत होती आणि स्वयंपाकघरात उभ्याने काम करण्याचा ओटा होता. गोष्ट दापोलीजवळच्या पालगडची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. नऊवारी, जमिनीवरची चूल, शेणाने सारवलेली जमीन, पुढे ओटी, मागे परसू आणि त्यात केळी-फुलझाडं, हे त्या गोष्टीचं जग आहे. चित्रकाराने ते काढलं तर निम्मे अवघड शब्द न सांगता कळतात, ‘ओटी’ चित्रात दिसली की विचारावी लागत नाही. चुकीचं काढलं तर मूल चित्रावर विश्वास ठेवतं आणि शब्द सोडून देतं.

त्याहून मोठी चूक भावनेची असते. त्याच आवृत्तीत पोहण्याच्या गोष्टीला विहिरीच्या काठावर हसणाऱ्या आईचं चित्र होतं. मजकुरात मात्र श्याम पोहायला जायचं टाळून घरात लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने मारत बाहेर काढते. चित्र गोड आणि मजकूर कठोर असला की मुलाला वाटतं, आपल्याला वाचताच आलं नाही. असं चित्र असण्यापेक्षा नसलेलं बरं. बिनचित्राची पण सुट्या ओळींची, मोठ्या टाइपाची संपूर्ण प्रत मिळाली तर माझं मत तिलाच. मुलीला चित्रं हवीच असतील तर गोष्ट ऐकून झाल्यावर तिला काढायला सांगा. ‘थोर अश्रू’ ऐकल्यावर मुलं जे काढतात ते मी जपून ठेवलं आहे. आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून दगडावर पसरलेलं आईचं ओलं लुगडं आणि त्यावर दोन इवले तळवे. बहुतेक मुलं आईचा चेहरा काढतच नाहीत.

आता मूल्यं. ‘संस्कारक्षम’ हा शिक्का मारून हे पुस्तक देतात, आणि त्यामुळेच त्यातल्या तीन जागा कुणी नीट बघत नाही.

एक म्हणजे मार. पोहण्याच्या गोष्टीत आई मारते, आणि नंतर मुलाच्या अंगावरचे वळ बघून तिचेच डोळे भरून येतात. मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून हे सारं. हे वाचताना आठ वर्षांच्या एका मुलाने मला विचारलं होतं, “रडायचंच होतं तर मारलं कशाला?” मी त्याला म्हटलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, “तिला दुसरं येत नव्हतं.” पुढे मी काही जोडलं नाही. ‘तेव्हा असंच असायचं’ म्हणून प्रश्न मिटवू नका आणि गोष्ट गाळूही नका. तुमच्या घरी मुलांना मारत नसाल तर ते इथे स्पष्ट बोला. मारत असाल तर त्या रात्री मुलगी तुमच्याकडे बघेल, त्याची तयारी ठेवा.

दुसरी जागा अपराधीपणाची. श्याम चुकला की आई रडते, आणि ती रडली म्हणून श्याम सुधारतो. हे पुस्तकात पुन्हा पुन्हा येतं. हळव्या मुलांना त्यातून ‘माझ्यामुळे आई दुःखी होते’ एवढंच पोचतं. म्हणूनही मी सलग वाचू नका म्हणते. आठवड्याला एक गोष्ट पुरे, आणि प्रत्येक दोन गोष्टींमध्ये दुसरं हसरं पुस्तक असू द्या. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ ही गोष्ट त्या मानाने फार चांगली उतरली आहे. पुस्तकाच्या ओढीने श्याम पाहुण्याचे पैसे चोरतो आणि आईचा आपल्यावरचा विश्वास बघून त्याला लपवणं अशक्य होतं. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांशी यावर तासभर बोलता येतं. आईचं सतत स्वतःला मागे ठेवणं हेही विचारायला हवं. ‘आनंदाची दिवाळी’ वाचल्यावर मी मुलांना एवढंच विचारते, आईला काय हवं असेल? बऱ्याच जणांनी तोवर तो विचारच केलेला नसतो.

तिसरी जागा जातीची, आणि माझ्या मते पूर्ण परीक्षणात सगळ्यात जास्त वेळ हिला द्यावा. ‘देवाला सारी प्रिय’ ही पंचविसावी रात्र. एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते आणि ती डोक्यावर चढवायला कुणी हात लावत नाही. आई श्यामला तिला मदत करायला पाठवते, आणि घरी आल्यावर आंघोळ कर असंही सांगते. पहिला भाग सगळ्यांना आठवतो, आंघोळ फारशी कुणाला आठवत नाही. तुमच्या प्रतीत ती आहे का, ते तपासा. ती काढून टाकली तर गोष्ट गुळगुळीत होते आणि त्या आईने किती पुढे पाऊल टाकलं, कुठे ती थांबली, हे दोन्ही दिसेनासं होतं.

मुलगी विचारेलच, “मदत केली तर आंघोळ कशाला?” या प्रश्नासाठीच ही गोष्ट वाचायची. तिला सांगा की त्या काळी काही माणसांना जन्मावरून अस्पृश्य मानत, त्यांचा स्पर्श झाला तर विटाळ झाला असं समजत, आणि ते चूक होतं. आईला मोळीचं ओझं दिसलं, रीत मोडायची मात्र पूर्ण हिंमत झाली नाही. मग तिला पुढचंही सांगा. ज्या मुलाला आंघोळ करायला सांगितलं गेलं, त्याच साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं. आईने जिथे पाऊल थांबवलं तिथून मुलगा पुढे गेला. माझ्या वाचनालयात दलित घरांतली मुलंही असतात, त्यामुळे ही गोष्ट मी कधीच नुसती वाचून सोडत नाही, आणि त्या म्हातारीकडे फक्त दयेने बघू देत नाही. तिला काय वाटलं असेल, तिने घरी जाऊन काय सांगितलं असेल, हे मुलांना बोलायला लावते. पुस्तकात तिला फारसं बोलायला मिळत नाही, ही त्याची मर्यादाच आहे. नऊ वर्षांच्या मुलीला ही चर्चा पेलते, पण तुम्ही आधी एकटीने ती रात्र वाचून घ्या. उत्तर सुचत नसेल तर ती पुढच्या वर्षासाठी ठेवा.

या आठवड्यात एवढंच करा. आजीची प्रत उघडून रात्री मोजा, पंचविसावी स्वतः वाचा आणि शनिवारी रात्री ‘मुकी फुले’ मोठ्याने वाचा. शक्य असेल तर वाचायला आजीलाच बसवा, त्या शब्दांचे उच्चार आणि हेल तिच्याकडे आहेत. दुसऱ्या दिवशी मुलीने आपणहून पुढची गोष्ट मागितली तर ‘पत्रावळ’ घ्या आणि सुकी पानं आधी आणून ठेवा. मागितली नाही तर आग्रह न धरता पुस्तक तिच्या हाताला लागेल अशा जागी ठेवून द्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.